फोटो अडवा, पण अडवला म्हणून सांगा

शाळा आणि कार्यालयांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या, आणि त्यावरच्या फिल्टरचे नियम ठरवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

गृहपाठ, अर्ज, अहवाल जिथे ऑनलाइन जमा होतात, अशा यंत्रणांबद्दलच्या तक्रारी सोडवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: "मी फोटो जोडला होता, समोरच्याला तो मिळालाच नाही." तक्रार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा खरं बोलत असते. फोटो खरोखर जोडलेला असतो आणि खरोखर पोचलेला नसतो. मधे तुमचा फिल्टर असतो, आणि तो काही बोललेला नसतो.

फिल्टर काढून टाका असं मी म्हणत नाही. नेटवर्कवर शेकडो मुलं किंवा कर्मचारी असतात, कुणी नकळत रोग्यांची माहिती बाहेर पाठवतं, कुणी व्हायरस असलेली फाइल आत आणतं. अडवणं तुमचं काम आहे आणि ते गरजेचं आहे. माझी मागणी एकच आहे. जे अडवाल ते अडवलं आहे, हे त्या माणसाला त्याच वेळी कळू द्या.

एक प्रकरण सविस्तर सांगते, कारण बिघाड नेमका कुठे आहे ते त्यातून दिसतं.

एका शाळेतल्या विद्यार्थिनीने संगणक कक्षात बसून विज्ञानाच्या प्रयोगाची नोंद जमा केली. चार परिच्छेद लिखाण आणि फोनवर काढलेले तीन फोटो. दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला लिखाण दिसलं, फोटो एकही नाही. "छायाचित्रे जोडलेली नाहीत" असा शेरा पडला आणि गुण कापले गेले. मुलीचं म्हणणं होतं, तिन्ही फोटो मला पडद्यावर दिसले, मगच मी 'जमा करा' दाबलं. शिक्षिकेचं म्हणणं होतं, मग माझ्याकडे का नाहीत? दोघींचं बरोबर होतं.

फाइल निवडताच पानावर जो छोटा फोटो उमटतो, तो सर्व्हरवरून आलेला नसतो. ब्राउझर तो त्याच संगणकावरच्या फाइलमधून काढून दाखवतो. फाइल बाहेर गेली की नाही, याचा त्या चित्राशी काही संबंध नाही. आणि आजच्या अनेक पानांवर लिखाण आणि फोटो एकत्र जातही नाहीत. फाइल निवडली की ती लगेच पाठीमागून वेगळी पाठवायला घेतली जाते, आणि लिखाण शेवटी बटण दाबल्यावर जातं. म्हणजे त्या मुलीच्या एका कामाच्या चार वेगवेगळ्या विनंत्या झाल्या: तीन फोटोंच्या आणि एक लिखाणाची. फिल्टरने पहिल्या तीन अडवल्या. चौथीत काही किलोबाइट मजकूर होता, ती बिनबोभाट पुढे गेली. म्हणून शिक्षिकेला अर्धवट गृहपाठ मिळाला आणि तो पूर्ण असल्यासारखा दिसला. सगळंच अडलं असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं.

यंत्रणेच्या सर्व्हरवरचा लॉग पाहिला. लिखाणाची विनंती नोंदलेली होती, फोटोंची एकही नव्हती. हा पहिला महत्त्वाचा धागा. फाइल मोठी म्हणून सर्व्हरने स्वतः नाकारली असती, तर तशी नोंद सापडली असती, बहुधा 413 या क्रमांकासह. नोंदच नाही याचा अर्थ फोटो वाटेतच थांबला. मग तेच फोटो त्याच पानावर मोबाइलच्या डेटावरून पाठवले. गेले. म्हणजे पान ठीक, फाइल ठीक, प्रश्न शाळेच्या नेटवर्कवर.

शाळेतल्या संगणक शिक्षकांना मी कक्षातल्या संगणकावर F12 दाबून Network हा भाग उघडायला आणि तिथूनच फोटो पुन्हा जोडायला सांगितलं. त्या यादीत POST अशी एक ओळ उमटली. तिचा क्रमांक होता 200, म्हणजे 'सगळं ठीक'. पण उत्तराचा प्रकार होता `text/html`, एरवी तिथे `application/json` असतं. ती ओळ उघडून Response पाहिलं, तर आत एक अख्खं पान होतं: संस्थेचं बोधचिन्ह, "हे अपलोड संस्थेच्या धोरणानुसार रोखले आहे" असा ठळक मजकूर, नियमाचं नाव, आणि शंका असल्यास कुणाला मेल करायचा तो पत्ता.

म्हणजे तुमच्यापैकी कुणीतरी सूचना लिहिली होती. ती नीट होती, सभ्य होती, त्यात संपर्कही होता. फिल्टरने ती प्रत्येक वेळी पाठवलीही होती. ती फक्त कुठल्याच माणसाला दिसली नव्हती.

वेब-फॉर्ममधून फाइल पाठवायची पद्धत 1995 साली आरएफसी 1867 या दस्तऐवजात मांडली गेली. त्या पद्धतीत बटण दाबलं की आख्खं पान सर्व्हरकडे जायचं आणि उत्तर म्हणून नवं पान यायचं. मधल्या फिल्टरने उत्तराच्या जागी आपलं 'रोखले आहे' हे पान घातलं, तर ते वापरणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर यायचं. तुमच्या सूचनेची पानं अजून त्याच काळाच्या हिशोबाने पाठवली जातात. आता मात्र फाइल पाठवतो तो पानातला प्रोग्राम, आणि उत्तरही त्याच्याच हाती पडतं. त्याला बोधचिन्ह आणि ठळक अक्षरं यांचं काही कळत नाही. तो आधी क्रमांक बघतो. 200 दिसला की बरेच प्रोग्राम समजतात की फाइल पोचली, आणि पुढे जातात.

काही फिल्टर तिथे पान न देता विनंती स्वतःच्या सूचनेच्या पत्त्यावर वळवतात. त्यातही फारसा फरक पडत नाही. तो पत्ता वेगळ्या साइटचा असतो, म्हणून सुरक्षिततेच्या नियमानुसार ब्राउझर त्या पानातला मजकूर मूळ पानाच्या प्रोग्रामला वाचू देत नाही. प्रोग्रामला एवढंच कळतं की काहीतरी जमलं नाही. मग तो दाखवतो "नेटवर्कमध्ये अडचण, पुन्हा प्रयत्न करा". आणि माणसं खरंच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसतात. तिसरा प्रकार म्हणजे फिल्टर काहीच उत्तर न देता जोडणी तोडतो. F12 च्या यादीत तेव्हा `ERR_CONNECTION_RESET` दिसतं. यावरून तारेतला दोष आणि तुमचा नियम यांत फरक करायला मार्गच उरत नाही.

प्रकरण तिथेच संपलं नाही, कारण नियम नेमका काय आहे हे शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. नेटवर्क बाहेरची कंपनी सांभाळायची आणि सूचनेतला मेलचा पत्ता बंद पडलेला होता. मग बाहेरूनच शोधावं लागलं. एका फोटोचं नाव बदलून शेवटी `.txt` केलं, तरी तो अडला. म्हणजे नुसत्या नावावरून अडवत नव्हते. तोच फोटो लहान करून 300 केबीवर आणला, तर गेला. म्हणजे चित्र म्हणून अडवत नव्हते, आकारामुळे अडवत होते. मग मजकुराची एक मोठी फाइल पाठवली, तीही अडली. एक एमबीच्या आसपास ही सीमा निघाली, आणि तीही फिल्टरच्या यादीत ज्या साइटची वर्गवारी झालेली नाही तिच्यापुरतीच. फोनचा साधा फोटो तीन-चार एमबीचा सहज असतो. म्हणजे त्या कक्षातून त्या साइटवर जवळजवळ कुणाचाच फोटो जात नव्हता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय.

एक गोष्ट आणखी तपासली. ब्राउझरमध्ये त्या साइटचं प्रमाणपत्र उघडलं, तर ते देणाऱ्याच्या जागी नेहमीच्या प्रमाणपत्र-संस्थेऐवजी शाळेच्याच फिल्टरचं नाव होतं. याचा अर्थ फिल्टर एचटीटीपीएस उघडून आतलं वाचत होता. फाइलचं नाव, तिचा आकार, ती कुठल्या पानावरून निघाली, हे सगळं त्याला दिसत होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण "आम्हाला आत काय आहे तेच दिसत नाही, मग सांगणार काय?" असं उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. जिथे फिल्टर एचटीटीपीएस उघडत नाही तिथे ते उत्तर खरं आहे. तिथे त्याला फक्त साइटचं नाव आणि किती बाइट गेले एवढंच दिसतं, आणि मधेच सूचना घालणं शक्यच नसतं. पण जिथे तुम्ही आतलं उघडून वाचता, तिथे हे कारण देता येत नाही. मुलांचं आणि कर्मचाऱ्यांचं वाचायचा अधिकार घेतला आहे, तर नकार त्यांच्यापर्यंत पोचवायची जबाबदारीही घ्यायला हवी.

आता मेलकडे वळते, कारण तिथे गप्प राहणं अपघाताने होत नाही. ते कुणीतरी निवडलेलं असतं.

एक मेल सर्व्हर दुसऱ्याला मेल देतो तेव्हा दोघांत छोटासा संवाद होतो. सगळा मजकूर घेऊन झाल्यावर घेणारा 250 म्हणाला, की त्याचा अर्थ 'मिळालं, इथून पुढची जबाबदारी माझी'. त्याऐवजी तो 550 किंवा 554 म्हणाला, तर मेल नाकारला गेला, आणि पाठवणाऱ्याला ते कळवणं हे पाठवणाऱ्याच्या सर्व्हरचं काम ठरतं. 250 म्हणायचं आणि मग मेल टाकून द्यायचा, ही तिसरी वाट. मेलचा मूळ नियम सांगणारा 2008 सालचा आरएफसी 5321 हे व्यवहारात घडतं असं मान्य करतो, पण त्याला अत्यंत धोकादायक म्हणतो, आणि मेल एकतर पोचतो नाहीतर परत येतो या जुन्या परंपरेच्या विरुद्ध ठरवतो. मेल गंभीर फसवणुकीचा किंवा अन्यथा अयोग्य असल्याची फार मोठी खात्री असेल, तरच या वाटेने जावं असं तो सांगतो. फोनवर काढलेला पावतीचा फोटो यात कुठे बसतो?

फरक किती छोटा आहे, पाहा. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर पुष्कळ ठिकाणी चालतो. अटॅचमेंटच्या नावावरून मेल अडवायचा असेल तर त्याच्या `mime_header_checks` च्या फाइलमध्ये एक ओळ पुरते. ती अशी लिहिता येते:

```
/name=.*\.heic/  DISCARD
```

किंवा अशी:

```
/name=.*\.heic/  REJECT .heic not accepted here, please send .jpg
```

पहिल्या ओळीने सर्व्हर पाठवणाऱ्याला 'पोचलं' सांगतो आणि अख्खा मेल फेकून देतो. दुसऱ्या ओळीने तो त्याच संवादात 550 म्हणतो, आणि लिहिलेलं कारण पाठवणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये परत येतं. दोन्हींत अडवणं तेवढंच कडक आहे. एकही नकोशी फाइल जास्तीची आत येत नाही.

`.heic` चं उदाहरण उगाच घेतलेलं नाही. 2017 साली आलेल्या आयओएस 11 पासून आयफोन फोटो या प्रकारात साठवू लागले. चालतील अशा प्रकारांची यादी त्याआधी केली असेल आणि त्यात फक्त जेपीजी, पीएनजी एवढंच असेल, तर नवा फोन घेतलेल्या माणसाच्या फाइल एका दिवसापासून जायच्या बंद होतात. नियम बदललेला नसतो, माणसाची सवय बदललेली नसते, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही. यादी जुनी होणं समजू शकते. ती जुनी झाली हे तुम्हाला कळायचा एकमेव मार्ग म्हणजे ज्यांच्या फाइल अडतात त्यांनी येऊन सांगणं, आणि गुपचूप टाकून दिल्याने तुम्ही तोच बंद करता.

मेल न सांगता टाकण्यामागे एक खरी अडचणही आहे, ती मला मान्य आहे. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो. अशा मेलला नंतर 'तुमचा मेल नाकारला' असं उत्तर धाडलं, तर ते भलत्याच निरपराध माणसाच्या इनबॉक्समध्ये पडतं. पण ही अडचण आधी 250 म्हणून नंतर वेगळं उत्तर पाठवण्यात आहे. संवाद चालू असतानाच 550 म्हटलं, तर तुमचा सर्व्हर कुणालाच नवा मेल पाठवत नाही. तपासणी 250 च्या आधी करा, म्हणजे सांगायचं की नाही हा पेच बऱ्याच अंशी सुटतो.

अख्खा मेल न टाकता नुसती अटॅचमेंट काढून उरलेला मेल पुढे पाठवणारेही फिल्टर असतात. माझ्या मते हा सगळ्यांत फसवा प्रकार आहे. वाचणाऱ्याला "सोबत फोटो जोडला आहे" हे वाक्य दिसतं आणि फोटो दिसत नाही. त्याला वाटतं, पाठवणारा विसरला. पाठवणाऱ्याच्या 'पाठवलेले' मध्ये फोटो शाबूत असतो. यातून भांडणं होतात, मुदती चुकतात, निष्काळजी असल्याचा शिक्का बसतो. अटॅचमेंट काढायचीच असेल, तर तिच्या जागी एक छोटी मजकुराची फाइल ठेवा: काढलेल्या फाइलचं नाव, तिचा आकार, काढल्याची वेळ, कारण आणि विचारायचं कुणाला. अनेक मेल फिल्टरमध्ये ही सोय असते, ती चालू करावी लागते एवढंच.

आकाराच्या मर्यादेबद्दल एक छोटी विनंती. "10 एमबीपर्यंत चालेल" असं तुम्ही जाहीर करता, पण मेलमध्ये फाइल जशीच्या तशी जात नाही. ती बेस64 नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलली जाते, दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, आणि ओळी तोडल्याने आणखी थोडी भर पडते. म्हणून अख्ख्या मेलवर 10 एमबीची मर्यादा असेल, तर प्रत्यक्षात सात एमबीच्या थोडी वरची फाइलच जाते. तुमच्या सूचनाफलकावर हा दुसरा आकडा लिहा.

मला नेहमी ऐकू येणारा दुसरा आक्षेप असा: सांगितलं तर लोक नियम ओळखतील आणि पळवाट काढतील. यावर मी बराच विचार केला आहे, आणि मला तो पटत नाही. ज्याला पळवाटच काढायची आहे, त्याच्याकडे दोन्ही टोकं असतात. तो इथून पाठवतो, तिकडे आलं का बघतो, नाव बदलतो, आकार बदलतो, पुन्हा बघतो. सीमा त्याला अशीही कळते. दुसरं टोक ज्याच्याकडे नसतं, अशी माणसं म्हणजे ती विद्यार्थिनी, बाहेरच्या कार्यालयाला कागद पाठवणारा कारकून, दवाखान्याला अहवालाचा फोटो धाडणारी कर्मचारी. तुमचं मौन फक्त त्यांनाच अंधारात ठेवतं. शिवाय सगळा नियम उघड करा असं मी म्हणतच नाही. "ही फाइल इथून पाठवता येत नाही", एक नोंद क्रमांक आणि चालू असलेला संपर्क, एवढं पुरे. कुठल्या व्हायरसची खूण सापडली किंवा कुठला शब्द पकडला, ते तुमच्या लॉगमध्येच राहू द्या.

म्हणून तुमच्याकडे मागणं असं आहे. वेबवरचं अपलोड अडवताना उत्तराचा क्रमांक 200 ठेवू नका, 403 द्या. एवढ्या एका बदलाने पुष्कळशा पानांवर लाल अक्षरांत 'फाइल गेली नाही' उमटू लागेल, कारण पानातले प्रोग्राम हा क्रमांक ओळखतात. जोडणी नुसती तोडू नका. जिथे एचटीटीपीएस उघडत नसल्याने मधे सूचना देणं शक्य नाही, तिथे कुठल्या साइटवर किती आकाराच्या आणि कुठल्या प्रकारच्या फाइल जात नाहीत, हे साध्या भाषेत लिहून संगणक कक्षात आणि कार्यालयाच्या अंतर्गत पानावर लावा. आणि अडवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद तुमच्या मदतकक्षाला शोधता येईल अशी ठेवा. आज ती नोंद बहुतेक ठिकाणी फक्त फिल्टरच्या प्रशासकालाच उघडता येते. फोन उचलणारा माणूस मग "आमच्याकडून सगळं ठीक आहे" असं सांगतो, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं.

अशी यंत्रणा बनवणाऱ्यांनाही मी हेच कळवत असते: नुसत्या 200 वर विश्वास ठेवू नका, उत्तराचा प्रकार तपासा, आणि किती फाइल जोडल्या नि किती पोचल्या हे जमा करतानाच दाखवा. पण जगातली प्रत्येक साइट सुधारेपर्यंत थांबणं व्यवहार्य नाही. तुमचा फिल्टर एका जागी बसवलेला आहे आणि त्यातून हजारो फाइल जातात.

हे पत्र वाचून झाल्यावर एवढं करून बघा. प्रशासकाच्या नव्हे, तर विद्यार्थ्याच्या किंवा साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून लॉग-इन करा. फोनवर काढलेला पाच एमबीचा एक फोटो बाहेरच्या एखाद्या साइटवर चढवा, आणि तोच बाहेरच्या मेलवर पाठवा. पडद्यावर काय उमटतं ते त्या माणसाच्या जागी बसून वाचा. नंतर बाहेरच्या त्या मेलवरून तोच फोटो आत पाठवा आणि काय पोचतं ते बघा. जे आढळेल ते नियम लिहिणाऱ्यांना आणि मदतकक्षाला, दोघांनाही दाखवा.

त्या विद्यार्थिनीचे गुण शाळेने दुरुस्त केले. ती सीमा बदलली की नाही, ते शाळेला अजून कुणी कळवलेलं नाही.

आपली,
तक्रारी सोडवणारी एक तंत्रज्ञ